खडू सगळ्यांच्या हातात

उस्तादांचा आवाज भट्टीची घरघर कापून पलीकडे पोचायचा. बेकरीतल्या सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की ते रजेवर असले की लोक उगाच आपलं बोलणं थांबवून कान द्यायचे. भट्टीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. पाव, टोस्ट, बिस्किटं, जे काही भाजलं जायचं ते त्यांच्या नजरेखालून जायचं, आणि ते त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं हे त्यांचे टीकाकारही मान्य करायचे. तक्रार पावाबद्दल नव्हतीच. तक्रार मीटिंगबद्दल होती.

बेकरी नव्या जागेत जाणार होती. जुनी जागा अरुंद आणि कोंदट. नवा हॉल लांबरुंद, रिकामा, एका भिंतीला ओळीने खिडक्या आणि मागच्या बाजूला आत गेलेला एक कोनाडा, छोट्या खोलीएवढा. भट्टी कुठे, पीठ कुठे, केकचं टेबल कुठे, भांडी घासायची मोरी कुठे, हे आधी ठरायला हवं होतं, कारण कंत्राटदार शुक्रवारी फरशी फोडून सांडपाण्याचे पाइप टाकणार होता. पाइप एकदा फरशीखाली गेले की मोरी हलत नाही, आणि मोरी हलत नाही म्हटल्यावर बाकीचंही फारसं हलत नाही. म्हणजे आता चुकलं तर पुढची कित्येक वर्षं रोज त्या चुकीभोवती वळसा घालून काम करायचं.

हे ठरवून घेण्याची जबाबदारी ताईंवर होती. ताई आधी पॅकिंगच्या टेबलावर होत्या. गेल्या वर्षी मालकांनी त्यांना सगळ्या कामाची प्रमुख केलं. वयाने उस्ताद मोठे असले तरी तेही त्यांना ताईच म्हणायचे. पॅकिंगच्या दिवसांत ताई स्वतः मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून खोक्याच्या चिकटपट्टीचं टोक शोधत असल्याचा आव आणायच्या. त्यामुळे गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरीही पहिली मीटिंग हातातून गेली. ताईंनी विषय सांगितला, फळ्यापाशी खडू ठेवला, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत खडू उस्तादांच्या हातात होता. त्यांनी मधोमध भट्टी काढली. तिच्याभोवती अर्धगोलात बाकीची टेबलं मांडली, जशी पंगतीत ताटं मांडावीत तशी. प्रत्येक टेबल काढताना ते त्या टेबलाच्या माणसाच्या वतीने बोलत होते. काकांना पीठ इथे बरं पडेल. केकवालीला इथे बरं पडेल. मावशींचं काय, त्यांना नळ मिळाला की झालं. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते सगळे समोरच बसले होते. ताईंनी विचारलं, कोणाला काही अडचण? पीठ मळणाऱ्या काकांनी मान डोलावली. काका असेही दिवसातून मोजकेच शब्द खर्च करायचे. केकवालीने नखाखालचं वाळलेलं क्रीम काढलं. भांडी घासणाऱ्या मावशींनी पदर खांद्यावरून पुढे ओढला. मीटिंग संपली.

खरी मीटिंग त्यानंतर मोरीपाशी सुरू झाली. या बेकरीची ती रीतच होती. जे खोलीत बोललं जात नाही ते नळाखाली हात धुताना बोललं जायचं, पाण्याच्या आवाजाच्या आडोशाने. ताई पेला विसळायला गेल्या तेव्हा केकवाली मावशींना सांगत होती की भट्टीला लागून टेबल आलं तर क्रीमची फुलं बसण्याआधीच मान टाकतील. मावशी म्हणत होत्या की मोरीसमोरून ट्रॉली गेली तर कोणीतरी पाय घसरून आपटणार. काका काही बोलत नव्हते, पण हात नेहमीपेक्षा बराच वेळ धूत होते. ताई दिसल्या आणि तिघं पांगले.

ताईंना वाटलं, सोपं आहे. पुढच्या मीटिंगमध्ये यांना बोलतं करू. म्हणून दुसऱ्या मीटिंगला उस्ताद रंगात आलेले असताना त्यांनी मध्येच थांबवून सगळ्यांसमोर केकवालीला विचारलं, "तू सांग ना, टेबलाबद्दल तुझं काहीतरी म्हणणं होतं."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. उस्तादांचा खडूही तिच्या दिशेने वळला. केकवालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी ही मुलगी सुईच्या टोकाएवढ्या नळीतून गुलाबाच्या पाकळीची कड काढायची आणि तिचा हात हलायचा नाही.

"नाही, चालेल मला," ती म्हणाली.

"बघा," उस्ताद म्हणाले, "मी म्हटलंच होतं." त्यांच्या स्वरात खोच नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की सगळं छान चाललं आहे.

संध्याकाळी निघताना केकवाली ताईंपाशी थांबली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण शब्द दात आवळून येत होते. "मोरीपाशी बोललेलं तुम्ही तिथे काढलंत. आता उस्तादांना वाटणार मी पाठीमागे बोलते. पुन्हा असं मला तोंडघशी पाडू नका."

ताईंनी तिची माफी मागितली. ती 'राहू द्या' म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मोरीपाशीही कोणी काही बोलेना. जो एक कोपरा बोलता होता तोही ताईंनी स्वतःच्या हाताने गप्प केला होता. त्यात मालकांचा निरोप आला: कोणाचा विरोध दिसत नाही, तेव्हा उस्तादांचाच नकाशा कंत्राटदाराला देऊन टाकू. ताईंनी गुरुवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मालकांनी ती दिली, पण हेही सांगितलं की गुरुवारीसुद्धा असंच झालं तर मग उगाच घोळ नको.

घरी जेवताना ताईंनी हे सगळं सांगितलं. ताईंची नणंद लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि बोलता बोलता समोरच्याच्या ताटातल्या वाटीचीही जागा बदलायची.

"वहिनी, माझ्या वर्गात एक आहे असा," ती म्हणाली. "प्रश्न माझ्या तोंडातून पूर्ण बाहेर पडायच्या आत याचं उत्तर तयार. आधी मी त्याला गप्प करायचे. तो रुसायचा आणि बाकीचे तरीही बोलायचे नाहीत."

"मग?"

"मग मी विचारायची पद्धतच बदलली. आधी सगळ्यांनी पाटीवर काढायचं, गुपचूप. मग पाट्या वर. हातात काहीतरी असलं की बोलायला धीर येतो. नुसतं तोंड उघडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, मोठ्यांच्यासुद्धा."

"आणि तो रुसत नाही?"

"त्याला आधी बाजूला घेऊन सांगितलं होतं. सगळ्यांसमोर नाही," नणंद म्हणाली आणि मिठाची डबी भावाच्या पुढ्यात सरकवली. ताईंचे यजमान म्हणाले, या घरात मलाही एखादी पाटी मिळाली तर बरं होईल. दोघींनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

बुधवारी सकाळी पावांचा पहिला घाणा उरकून ट्रे निवत ठेवले होते. उस्ताद भट्टीच्या बाजूच्या स्टुलावर चहा घेत बसले होते. ताई दुसरं स्टूल ओढून बसल्या. आडवळणाने बोलायचं नाही, हे त्यांनी घरून ठरवूनच आणलं होतं. त्या म्हणाल्या की उद्याच्या मीटिंगमध्ये उस्तादांनी सगळ्यांच्या शेवटी बोलावं.

उस्तादांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी जास्त बोलतो, असं ना?"

"हो. पण त्यासाठी नाही सांगत. तुम्ही आधी बोललात की बाकीच्यांपुढे दोनच रस्ते उरतात. एक तर तुमची री ओढायची, नाही तर तुमच्याशी भांडायचं. भांडायचं कोणाला नसतं. मग मला त्यांचं म्हणणं कळतच नाही."

"अहो ताई, मी बोलतो म्हणून तर मीटिंग होते. हे सगळे तोंड शिवून बसतात. तुम्ही विचारता आणि सगळीकडे सामसूम. कोणीतरी बोलायला नको का? मला ती शांतता सहन होत नाही. वाटतं, सगळे माझ्यावरच रागावलेत."

हे ताईंना नवीन होतं. इतकी वर्षं सगळ्यांना वाटायचं की उस्ताद बोलतात म्हणून आपण गप्प आहोत. उस्तादांना वाटायचं की हे गप्प आहेत म्हणून आपल्याला बोलावं लागतं.

"उद्या ती शांतता मी सांभाळते," ताई म्हणाल्या. "तुम्ही ती भरून काढायची नाही. आणि तुम्हाला मोकळं बसवणार नाही. काम आहे."

काम असं होतं. मीटिंग जुन्या जागेत फळ्यासमोर घ्यायची नाही. नव्या हॉलमध्ये, उभ्याने. प्रत्येकाच्या हातात खडू. प्रत्येकाने आपली जागा फरशीवर खऱ्या मापात आखायची, एकाच वेळी, न बोलता. मग आपापल्या चौकोनात उभं राहून सांगायचं. उस्तादांनी भरलेल्या ट्रेची ट्रॉली प्रत्येकाच्या चौकोनापर्यंत ढकलत न्यायची, म्हणजे वाट जमते की नाही ते कळेल. ट्रॉली त्यांच्याएवढी कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी मध्येच तोंड उघडलं तर ताई फक्त हात वर करणार, बोलणार नाहीत.

उस्तादांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, "ट्रॉली माझी मीच आणीन. तिचं मागचं एक चाक वाकडं आहे, दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही."

बाकीच्यांनाही ताईंनी त्याच दिवशी सांगून ठेवलं, एकेकट्याला, कामाच्या जागी: उद्या तुमची जागा तुम्ही आखायची, का ते एका वाक्यात सांगायचं, वाक्य आजच ठरवून ठेवा. केकवालीने विचारलं, मी काय बोलले होते ते पुन्हा काढणार का? ताई म्हणाल्या, नाही, तू सांगशील तेवढंच.

गुरुवारी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये सगळे जमले तेव्हा प्रत्येक पावलाचा आवाज घुमत होता. खडू वाटले गेले. सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग मावशी सरळ नळाच्या तोटीकडे चालत गेल्या आणि वाकून रेघ ओढायला लागल्या, आणि त्यांच्यामागे बाकीचे हलले. खडूची खरखर तेवढी ऐकू येत होती. काकांनी आपला चौकोन पावलांनी मापून घेतला. केकवाली खिडकीपाशी गुडघ्यावर बसली. गाडीवर माल चढवणारा ड्रायव्हर दारालगत भल्यामोठ्या पॅकिंगच्या टेबलाची आखणी करत होता. त्याची रेघ मावशींच्या रेघेला भिडली तेव्हा दोघांनी न बोलता हातवारे केले, मावशींनी एक फरशी सोडली. उस्ताद ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सोड्याच्या बाटलीचं बूच दाबून धरावं तसे ते दिसत होते.

मग बोलण्याची पाळी आली. ताईंनी मुद्दाम मावशींपासून सुरुवात केली, कारण मावशी आपल्या चौकोनात घट्ट पाय रोवून उभ्या होत्या. तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागला. हॉलमध्ये सामसूम झाली. उस्तादांनी श्वास आत घेतला. ताईंचा हात वर गेला. उस्तादांनी तो श्वास खोकल्यात जिरवला. ताईंनाही ती शांतता टोचत होती. तोंडात आलेलं 'म्हणजे मावशींना असं म्हणायचंय' त्यांनी गिळून टाकलं.

"इथपर्यंत ओलं असतं," मावशी शेवटी म्हणाल्या आणि पायाने फरशीवर एक रेघ दाखवली. "मी कितीही पुसलं तरी असतं. इथून ट्रॉली नका नेऊ. बस."

उस्तादांनी ट्रॉली त्यांच्या जुन्या नकाशातल्या वाटेने ढकलत आणली होती. ती बरोबर त्या पट्ट्याच्या तोंडाशी थांबली. त्यांनी खाली बघितलं, वाकडं चाक बघितलं, आणि काही न बोलता ट्रॉली मागे घेऊन दुसरीकडून फिरवली.

ड्रायव्हरला दाराजवळची जागा हवी होती, ते सगळ्यांना पटलं. काकांनी खिडक्यांच्या समोरच्या भिंतीशी आखलं होतं, कारण विचारल्यावर ते म्हणाले, "सवय." मग केकवाली. ती खिडकीपाशी उभी होती, हातात खडूचा तुकडा घट्ट धरून.

"या खिडक्यांतून ऊन येत नाही," ती आपल्या चौकोनाकडे बघत म्हणाली. "सकाळी येऊन बघितलं, दुपारीही बघितलं. क्रीमला गारवा लागतो. आणि पीठ उडतं त्यापासून लांब." मग तिने मान वर केली. "भट्टीपासूनही लांब. उस्ताद, तुमच्याबद्दल नाही म्हणत. भट्टीबद्दल म्हणते."

उस्तादांच्या तोंडाचा चंबू झाला. ताईंचा हात अर्धा वर आलाच होता, पण त्याची गरज पडली नाही. "मी कुठे काय म्हणतोय," ते पुटपुटले, आणि ट्रॉली खिडकीपर्यंत ढकलत नेली. वाट सरळ होती. वाकडं चाकसुद्धा कुरकुरलं नाही.

आता उरली भट्टी. ताईंनी उस्तादांना खडू दिला. त्यांनी तो घेतला, हॉलभर नजर फिरवली आणि तसेच उभे राहिले. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रत्येकाने आपापली जागा घेतली होती, आणि मोकळा उरला होता फक्त मागचा कोनाडा. तीन बाजूंनी भिंत. तिथे भट्टी बसली असती, चिमणीलाही जागा होती. हिशेबाने सगळं जमत होतं.

चूक ताईंची होती. त्यांनी एका माणसाला शेवटी बोलायला सांगितलं होतं, आणि शेवटी येणाऱ्याला काय उरतं याचा विचार केला नव्हता. आता पुन्हा शांतता होती, आणि ती भरून काढायची नाही हे त्यांनीच ठरवलेलं होतं.

उस्ताद बोलले तेव्हा आवाज त्यांचा वाटलाच नाही. ड्रायव्हरला ऐकायला एक पाऊल पुढे यावं लागलं.

"तुम्ही सगळे येता तोवर माझं निम्मं काम झालेलं असतं," ते म्हणाले. "सकाळी भट्टीपाशी मी एकटाच असतो. मग एकेक जण येतो. मावशी येतात, काका येतात. मला तोंडं दिसली की बरं वाटतं. म्हणून मी सगळ्यांची टेबलं तशी भोवती काढली होती. क्रीम वितळेल हे डोक्यात नाही आलं." त्यांनी कोनाड्याकडे बघितलं. "तिथे भिंतीकडे तोंड करून मी काय बोलणार?"

कोणी हसलं नाही. मग जे झालं ते ताईंच्या कुठल्याही तयारीत बसणारं नव्हतं. काका आपल्या चौकोनातून बाहेर पडले, चपलेने आपलीच रेघ पुसली आणि शांतपणे कोनाड्यात जाऊन उभे राहिले.

"मी येतो इथे," ते आतून म्हणाले. "कोरडं आहे, वारा नाही. पिठाला चांगलं." आणि मग, बहुतेक आठवड्याचा उरलेला सगळा साठा एकदम खर्च करत, "मला तोंडं नाही दिसली तरी चालतात. उलट बरंच."

यावर मात्र सगळे हसले. पहिले उस्तादच हसले, त्यांच्या मूळच्या आवाजात, आणि हॉल दणाणला.

भट्टी काकांनी सोडलेल्या जागी गेली, खिडक्यांसमोरच्या भिंतीला पाठ लावून. तिथून खिडक्यांची अख्खी रांग समोर दिसायची, तिच्याखालचं केकचं टेबलही, पण उष्णता तिथवर पोचत नव्हती. चिमणीचं तोंड भिंतीतून काढायला कंत्राटदाराने थोडी कुरकुर केली, पण ती तो कशालाही करायचा. मालक संध्याकाळी आले, फरशीवरच्या खोडलेल्या, पुन्हा काढलेल्या रेघा बघत फिरले आणि विचारलं, हा नकाशा शेवटी कोणाचा? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शुक्रवारी पाइप पडले.

नव्या जागेत मीटिंगची रीत तीच राहिली. विषय आदल्या दिवशी सांगायचा, आधी सगळ्यांनी आपापलं काढायचं, मग बोलायचं. शेवटी कोण, हे मात्र आता पाळीपाळीने ठरतं. ती सुधारणा ताईंनी गुरुवारच्या अनुभवावरून केली. उस्ताद अजूनही मोठ्यानेच बोलतात. परवा नव्या बिस्किटांच्या विषयावर त्यांनी पाळी सोडून सुरुवात केली तेव्हा ताईंचा हात वर जायच्या आधीच केकवाली म्हणाली, "उस्ताद, तुमच्याआधी तीन तोंडं आहेत. दिसतायत ना?"

"दिसतायत, दिसतायत," उस्ताद म्हणाले आणि खाली बसले. खूश दिसत होते.

तक्रार आता एकट्या मावशींची आहे. त्या ताईंना म्हणाल्या, "सगळं तिकडेच बोलून मोकळे होता तुम्ही. मोरीपाशी कोणी फिरकत नाही. भांडी घासताना मला करमत नाही." ताईंनी हा विषय पुढच्या मीटिंगला घ्यायचं कबूल केलं, आणि मावशींनी आपलं वाक्य आत्ताच ठरवून ठेवलं आहे.